सगळ्यात फिकट जिल्हा

वर्तमानपत्राच्या कचेरीत त्याला सगळे रंगारी म्हणत. भिंती रंगवणारा नव्हे, नकाशे रंगवणारा. पाऊस असो, मतदान असो, मोतीबिंदू असो की मोटारी, जिल्हावार आकडे आले की ते निमूटपणे त्याच्या खिडकीपाशी येऊन पडत आणि दोन-तीन तासांत तिथून नकाशा बाहेर पडे. तेवीस वर्षं हेच चाललं होतं. वय बावन्न, चष्म्याची एक काडी चिकटपट्टीने जोडलेली, आणि रंगांच्या बाबतीत माणूस इतका सोवळा की नवी माणसं त्याच्याशी वाद घालायला जात नसत.

वाद घालायचे ते वृत्तसंपादक. त्यांना नकाशा चांगला भरगच्च लागायचा. “रंगारीबुवा, जरा लाल, पिवळा, हिरवा, निळा येऊ द्या की. पान कसं सुतक पडल्यासारखं दिसतंय.”

“कमी-जास्त दाखवायचं असेल तर एकच रंग, साहेब. फिकटापासून गडदापर्यंत. हिरवा मोठा की पिवळा मोठा, हे वाचकाने कुणाला विचारायचं?”

शिवाय वृत्तसंपादकांना स्वतःलाच लाल आणि हिरवा वेगळे ओळखता येत नसत. एकदा त्यांनी लालभडक जिल्ह्यावर बोट ठेवून “हा हिरवा बरा दिसतोय” म्हटलं, तेव्हा रंगाऱ्याला ते कळलं. त्याने ही गोष्ट कुणाला सांगितली नाही. पण तेव्हापासून लाल-हिरव्याची जोडी त्याच्या नकाशातून कायमची गेली, आणि साहेबांना त्याचं कारण कधी समजलं नाही.

माणूस असा काटेकोर. म्हणूनच गेल्या वर्षीची चूक त्याच्या जिवाला लागली होती.

विषय होता जन्मल्यापासून महिन्याच्या आत दगावलेल्या बाळांचा. आकडे सरकारी खात्याचे. दर हजार जन्मांमागे किती बाळं गेली, तो दर त्याने काढला, कारण नुसती संख्या रंगवली तर जिथे वस्ती दाट तो जिल्हा गडद होतो आणि नकाशा बाळांचा न राहता वस्तीचा होतो. एवढी अक्कल त्याला होती. पण एका जिल्ह्याचा खाना रिकामा होता. तिथल्या नोंदी ठेवणाऱ्या कारकुनाची जागा भरलीच नव्हती, म्हणून आकडा आला नव्हता. हद्दींच्या नकाशाला तक्ता जोडताना रिकाम्या खान्याचं काय करायचं, हे यंत्राला सांगावं लागतं. त्या दिवशी घाई होती. त्याने सांगितलं नाही, आणि यंत्राने आपल्या मनाने तिथे शून्य धरलं. जिथली माहितीच नव्हती, तो जिल्हा सगळ्यात फिकट, म्हणजे सगळ्यात सुखी, होऊन छापला गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहाचा कप हातात असतानाच ते त्याच्या लक्षात आलं. कचेरीत जाऊन सांगायचं, असं ठरवून तो निघालाही. पण तिथे नकाशाचं कौतुक चाललं होतं. मालकांनी वर बोलावून पाठ थोपटली. तो गप्प बसला. बाकी काही नाही, नुसता गप्प बसला.

तो जिल्हा त्याच्या ताईचा. ताई म्हणजे त्याची थोरली बहीण, तिथल्या जिल्हा रुग्णालयात बाळंतिणींच्या वॉर्डात परिचारिका. दोन महिन्यांनी तिचा फोन आला. “बारक्या, तुझा नकाशा इथे मोठ्या साहेबांच्या खोलीत चौकटीत लावलाय रे. आमच्याकडे एकही बाळ जात नाही म्हणे. मग नाजूक बाळांना ठेवायच्या आमच्या तिन्ही काचेच्या पेट्या आणि बाळांचे डॉक्टर शेजारच्या जिल्ह्यात हलवले. तिकडे गरज जास्त आहे म्हणून. तुझ्याच नकाशात तसं दिसतंय ना.”

“ताई, ती चूक माझी आहे,” तो म्हणाला.

तिने त्याला शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. “या वर्षी नीट कर म्हणजे झालं,” ती म्हणाली. “गडद कर आम्हाला. असू तेवढं गडद. पेट्या परत आल्या पाहिजेत.”

त्या वाक्यावर त्याने वर्ष काढलं. या खेपेला रिकामा खाना आला तर काय करायचं, हे त्याने आधीच ठरवून ठेवलं होतं. राखाडी रंग, त्यावर तिरक्या रेघा, आणि रंगसूचीत पाच छटांपासून जरा बाजूला एक स्वतंत्र चौकोन: ‘माहिती नाही’. आकडा आला, तर चौदाच्या आसपास येणार, आधीच्या वर्षांत तसाच येत असे. म्हणजे मधली छटा. ती तरी खरी असेल.

बातमीदार पोरगी तक्ता घेऊन आली तेव्हा दुपारचे दोन वाजले होते. कामाची, तुरुतुरु चालणारी, त्याला काका म्हणणारी. “काका, सगळ्या जिल्ह्यांचे आकडे आलेत या वर्षी. एकही रिकामा नाही.”

त्याने आधी ताईचा जिल्हा शोधला. जन्म चार हजार शंभर. मृत्यू शून्य.

त्याने मूळ कागद मागवला. यंत्राने घातलेलं शून्य नव्हतं ते. माणसाने लिहिलेलं, खाली सही-शिक्का असलेलं शून्य होतं.

“खोटं आहे हे,” तो म्हणाला. “चार हजार बाळांत एकही नाही? कुठल्या राज्यात?”

“खोटं आहे तर बातमी आहे, काका. मी फोन लावते.”

तिने तिथल्या कचेरीत फोन लावला, त्याने ताईला. ताई कामावर होती. मागे कुठलंसं मूल रडत होतं.

“खोटं नाही रे ते,” ताई म्हणाली. तिचा आवाज दमलेला होता. “खरंच आहे. पेट्या नाहीत, डॉक्टर नाहीत. बाळ निळं पडायला लागलं की आम्ही काय करणार? गाडीत घालतो आणि शेजारी पाठवतो. नव्वद किलोमीटर. काही पोचतात, काही वाटेत जातात. पण नोंद होते ती तिकडच्या दारात, तिकडच्या वहीत. आमच्या वहीत एवढंच असतं, ‘पुढे पाठवलं’. जिवंत पाठवलं की आमच्या हद्दीत काही झालंच नाही.”

“किती, ताई?”

“साठ-सत्तर असतील. मी मोजायचं सोडलं.”

त्याने शेजारच्या जिल्ह्याचा आकडा पाहिला. सहा हजार दोनशे जन्म, एकशे शहाऐंशी मृत्यू. हजारामागे तीस. गेल्या वर्षी एकोणीस होता. बाकी सगळे जिल्हे वीसच्या आत होते.

पुढचा तासभर त्याने काम केलं, कारण दुसरं काही सुचत नव्हतं. तीसचा एकच आकडा घेऊन शून्यापासून तीसपर्यंत सारखे पाच भाग पाडले, तर उरलेले जिल्हे दोन-तीन छटांत कोंबले गेले असते. म्हणून त्याने पाचापाचाने गट पाडले: पाचपेक्षा कमी, पाच ते नऊ पूर्णांक नऊ दशांश, असे चढत जाऊन शेवटचा ‘वीस आणि अधिक’. कुठलाही आकडा दोन गटांत येऊ नये, याची खात्री केली. सगळ्यात फिकट छटा कागदापासून वेगळी दिसेल इतपत गडद ठेवली, नाहीतर तो जिल्हा नकाशातून खाल्ल्यासारखा दिसतो. मग काळ्या-पांढऱ्यात एक प्रत काढून पाचही छटा वेगळ्या ओळखू येतात का ते खिडकीच्या उजेडात पाहिलं. येत होत्या. नकाशात कुठेही खोट नव्हती. मधोमध एक सगळ्यात फिकट जिल्हा आणि त्याला चिकटून एक सगळ्यात गडद. त्या दोन रंगांत तीच बाळं होती, आणि हे सांगणारा रंग त्याच्याजवळ नव्हता.

रेघा मारता येत नव्हत्या. रेघा माहिती नसेल तिथे मारायच्या, आणि इथे माहिती होती. मग त्याने दोन्ही जिल्हे एकत्र धरून पाहिले. दहा हजार तीनशे जन्म, एकशे शहाऐंशी मृत्यू. हजारामागे अठरा. चौथी छटा. आणखी दहा जिल्ह्यांना तीच छटा होती. त्या गर्दीत दोन्ही जिल्हे असे मिसळून गेले की त्यांच्याकडे कुणी वळून पाहिलं नसतं. वेगळे ठेवले तरी पेट्या गडद जिल्ह्यातच राहणार होत्या, एकत्र केले तर कुणाला पेट्यांची आठवणच होणार नव्हती.

तो वृत्तसंपादकांच्या खोलीत गेला आणि उभ्याउभ्या सगळं सांगितलं. गेल्या वर्षीच्या शून्यासकट. साहेबांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला.

“वर्षभर बोलला नाहीत?”

“नाही.”

“दुरुस्ती छापू,” ते म्हणाले. “नवव्या पानावर, खाली. पण आजचं काय? तुमच्या बहिणीकडे कागद आहे?”

“‘पुढे पाठवलं’ एवढाच.”

“मग बातमी उभी राहत नाही, रंगारी. ती नाव देऊन बोलली तर नोकरी जाईल, आणि न देता बोलली तर ते सहीचं शून्य आपल्यापुढे नाचवतील.” त्यांचा आवाज कडू नव्हता. “बाळाची आई कुठल्या जिल्ह्यातली, त्याप्रमाणे मृत्यूंची नोंद सरकारकडून मागवू. पोरगी अर्ज करेल. उत्तर येईल तेव्हा येईल. तोवर नकाशा जसा आहे तसा जाऊ दे. खाली एक ओळ टाका.”

त्याने ओळ टाकली: ‘मृत्यूची नोंद ज्या जिल्ह्यात झाली, त्या जिल्ह्यात तो धरला आहे.’ रंगसूचीखाली, सगळ्यात बारीक अक्षरात, कारण तेवढीच जागा होती. बातमीदार पोरीने ती वाचली आणि म्हणाली, “काका, हे कोण वाचणार?” तो म्हणाला, “कुणीच नाही.” तिने त्याच्यासमोर बसूनच अर्ज लिहायला घेतला, आणि तिच्याकडे बघून त्याला स्वतःची जास्तच लाज वाटली. सांगायचं ते त्याने वर्षापूर्वी सांगितलं असतं, तर निदान एवढं झालं नसतं.

पाच वाजता पान छपाईला गेलं. साडेपाचला ताईचा फोन आला. तिची ड्यूटी अजून संपली नव्हती.

“झाला का रे नकाशा?”

“झाला.”

“आम्हाला कुठला रंग दिलास?”

त्याने समोरच्या काळ्या-पांढऱ्या प्रतीकडे पाहिलं. खोटं बोलावं, असं त्याच्या मनात आलं. पण सकाळी पेपर तिच्या हातात पडणारच होता.

“फिकट, ताई. सगळ्यात फिकट.”

“बरं,” ती म्हणाली. मागून कुणीतरी तिला हाक मारत होतं, आणि दाराशी गाडी लागल्याचा आवाज आला. “ठेवते आता. एकाला घेऊन शेजारी जायचंय.”