कुसूमचे फोटो बघायला जयसिंगपूरला

दादाचा निरोप आला की कुसूमचं ठरवायचंय, ये. कुसूम म्हणजे दादाची थोरली लेक, माझी भाची. विलायतेत एका दवाखान्यात नर्सचं शिकायला गेली. शिकणं संपत आलं होतं आणि आता दोन वर्षांच्या करारावर तिथंच राहा म्हणत होते. पोरीनं दादालाच विचारलं होतं, राहू की येऊ?

कोल्हापुरात मंगळवार पेठेतून टांग्यानं स्टेशन गाठलं. जयसिंगपूरला जायचं तर सकाळची गाडी धरा. मोटार स्वस्त पडंल, पण वैशाखात धूळ इतकी की लुगडं ओळखू येत नाही. भाकरी बरोबर न्या, वाटेत चहाशिवाय काही मिळत नाही. मिळतो तोही गोड पाणी.

डब्यात एका बाईनं निम्मा बाक अडवला होता. "अवो बाई, सरका की जरा," म्हटलं, तर तिनं पोराला मांडीवर घेतलं आणि कुठं चाललाय विचारलं. भाची विलायतेत हाय म्हणून सांगितलं. तशी म्हणाली, "मजा हाय बाई तिची." मी पण व्हय म्हटलं. तवर मलाही तसंच वाटत होतं. रुकडीच्या पुलावरनं पंचगंगा बघितली. नुसते खडक.

दादा शाळामास्तर. दाराशीच उभा होता, हातात भिंतीवरनं काढलेले कुसूमचे फोटो. आधी पाणी तरी दे म्हटलं. वहिनीनं पाणी आणि भडंग आणलं. जयसिंगपूरचं भडंग खाल्लंत तर लसूण कडक तळलेलं मागा, मऊ पडलेलं घेऊ नका.

दादानं फोटो सतरंजीवर मांडले. तीन होते. दिवाळीला आलेला जरीच्या लुगड्यात, संक्रांतीला आलेला काळ्या चंद्रकळेत, गुढीपाडव्याचा फिकट साडीत. सगळ्यांत कुसूम दात दाखवून हसतीय. मागं लिहिलेलं, मैत्रिणींबरोबर सण केला. दादा म्हणाला, सगळ्या मास्तरांना दाखवलेत, हेडमास्तर तर दोनदा बघून गेले. राहा म्हणून पत्रही लिहून झालं होतं, पाकीट तेवढं चिकटवायचं होतं. मग मला कशाला बोलावलं? तर मी हो म्हणावं म्हणून.

मला शाळा तिसरीपर्यंतची. पत्र वाचायला वेळ लागतो, फोटो बघायला नाही. मी फोटो जवळ सारले.

"दादा, हिच्या बोटाला काय झालंय?"

उजव्या हाताच्या मधल्या बोटाला पट्टी. दिवाळीला होती, संक्रांतीला होती, पाडव्यालाही तीच, गाठ पण त्याच बाजूला. मागं एकच झाड, पानांनी भरलेलं. पोरीनंच पहिल्या पत्रात कळवलेलं की तिथं थंडीत झाडांचे खराटे होतात.

"दवाखान्यात ऱ्हाती आन् सहा महिनं बोट बरं हुईना व्हय? आन् मैत्रिणी कुठायत? एक तरी फोटोत उभी हाय का?"

दादा चिडला. म्हणाला, तुला नाट लावायची सवयच आहे. मी गप बसणारी नाही, पण वहिनी बोलली म्हणून थांबले. ती पदराला हात पुसत होती.

"वन्सं, मला संक्रांतीलाच दिसलं. ह्यांचं त्वांड बघून बोलले न्हाई."

दादा बराच वेळ फोटो उलटे करत बसला. मग त्यानं लिहिलेलं पत्र फाडलं आणि काय लिहू म्हणून वहिनीला विचारलं. लग्नाला इतकी वर्षं झाली, त्यानं तिला असं विचारलेलं मी पहिल्यांदाच ऐकलं. वहिनी म्हणाली, बोट कसं हाय इचारा, आन् वाटत असंल तर ये म्हणावं.

परतीच्या गाडीत जागा मिळाली, पण झोप लागली नाही. सारखी ती चंद्रकळा डोळ्यांपुढं येई. भर उन्हाळ्यात काळं लुगडं नेसून, संक्रांत आहे असं धरून पोरगी हसली होती.

उत्तर यायला पावसाळा उजाडला. दादा कोल्हापूरला आला तेव्हा त्यानं वाचून दाखवलं. वॉर्डातल्या एका मुलीकडं कॅमेरा होता. ती नोकरी सोडून निघाली, त्याच्या आधीच्या रविवारी कुसूमनं अख्खा रोल काढून घेतला. वर्षाचे सण आठवून आठवून लुगडी बदलली. आदल्या दिवशी औषधाची काचेची कुपी फुटून बोट कापलं होतं, त्याची पट्टी सगळ्या फोटोंत दिसेल हे तिच्या ध्यानातच आलं नाही. मग फोटो ट्रंकेत ठेवून सणासणाला एकेक टपालात टाकला. ती मुलगी गेल्यापासून जेवायला शेजारी कोणी बसत नाही, सुट्टीच्या दिवशी संध्याकाळपर्यंत तोंडातून शब्द निघत नाही, असंही लिहिलं होतं.

आणि करारावर सही आमचं पत्र पोचायच्या आधीच करून झाली होती. दादाच्या आधीच्या पत्रांतलं कौतुक वाचून तिला वाटलं, आबांना, म्हणजे दादाला, हेच पाहिजे.

दोन वर्षं म्हणजे काय थोडी झाली? दादा माझ्या बाहेरच्या सोप्यात बसून रडला. मी चहा टाकला.

दिवाळीत परत जयसिंगपूरला गेले. जरीचा, चंद्रकळेचा, सगळे फोटो भिंतीवरनं निघाले होते. वहिनीनं मला नवा फोटो दाखवला. पांढरा एप्रन, केस विस्कटलेले, खाली गेलेले डोळे. हसत नाही. कुणा अनोळखी बाईला काढायला सांगितला, असं मागं लिहिलंय.

"आता कशी आपल्या कुसूमसारखी दिसती," वहिनी म्हणाली, आणि खिळ्याला अडकवला.