वहिनींच्या तिखट वेफर्सची माफी

दीर त्यांना वहिनी म्हणे, म्हणून दुकानदार आणि गिऱ्हाइकंही वहिनीच म्हणू लागली. बटाट्याचे वेफर्स आणि मसाला शेंगदाणे, एवढाच त्यांचा पसारा: घरामागच्या दोन खोल्या, एक मोठी कढई, पाकिटं बंद करायचं मशीन आणि वहिनींची काटकसर. शेंगदाण्यांच्या परातीत उरलेला मसाला टाकायला त्यांचा हात धजत नसे. तो चाळून त्या पुन्हा शेंगदाण्यांनाच लावत. एकदा वेफर्सचा मसाला कमी पडला, तेव्हा तोच भुरभुरला. चाळला म्हणजे झालं! दाण्याचा कूट चाळणीतून खुशाल खाली उतरतो, हे त्यांच्या डोक्यातच आलं नाही.

मग एका आईचा मेसेज आला. मुलीला शेंगदाण्याची ॲलर्जी. तिखट वेफर्स खाऊन ओठ सुजले, अंगावर गांधी उठल्या, दवाखान्यात धावावं लागलं. आता बरी आहे. सोबत पाकिटाचा फोटो होता. बॅच नंबर वाचताच वहिनींना तो चाळलेला मसाला आठवला.

"माझ्याच हातून झालं हे," त्या म्हणाल्या.

दिराने आधी सगळ्या दुकानांना फोन करून त्या बॅचची पाकिटं उतरवायला सांगितली. मग पोस्ट लिहायला घेतली. 'काही तांत्रिक कारणामुळे कुणाची गैरसोय झाली असल्यास क्षमस्व.'

"गैरसोय? पोरीचा श्वास कोंडला असता म्हणजे?" वहिनी कडाडल्या. "आणि तांत्रिक कारण कोण, मी? सरळ लिहा, भावोजी."

भावोजींनी तोंड वाकडं केलं, पण लिहिलं. तिखट वेफर्स, हा बॅच नंबर, ही पॅकिंगची तारीख. शेंगदाण्याचा अंश गेला आहे, पाकिटावर तसा उल्लेख नाही. ॲलर्जी असेल तर अजिबात खाऊ नका. खाल्ले असतील आणि त्रास होत असेल तर ताबडतोब डॉक्टरांकडे जा. पाकीट फोडलेलं असलं तरी परत द्या, पूर्ण पैसे मिळतील. चूक आमची आहे, माफ करा. खाली फोन नंबर. हीच सूचना छापून वहिनी दुकानोदुकानी स्वतः चिकटवून आल्या. एक दुकानदार म्हणाला, "कशाला आपल्याच पायावर धोंडा?" त्यांनी चिकटपट्टी आणखी घट्ट दाबली.

संध्याकाळी त्या आईचा फोन आला. आवाज शांत होता.

"पोस्ट वाचली. खरं सांगितलंत, बरं वाटलं. लेक विचारतेय, साधे खारे वेफर्स तरी चालतील ना? तिला तुमचेच आवडतात हो."

दीर खुणेनेच 'हो म्हणा, हो म्हणा' करत होता. खाऱ्या वेफर्सना मसाला लागतच नाही. पण परात तीच, टेबल तेच, हातही तेच. वहिनींना फार वाईट वाटलं.

"नाही गं बाई," त्या म्हणाल्या. "या घरात शेंगदाणे आहेत तोवर माझ्याकडचं काहीच तिला देऊ नकोस."

फोन ठेवून त्या दिराकडे वळल्या. "हेही त्या पोस्टमध्ये घाला. आणि उद्यापासून प्रत्येक पाकिटावर छापा."