नळीत गोठलेलं रक्त

शिरपूरला मी ज्या लॅबमध्ये काम करत होते ती म्हणजे एका मेडिकल दुकानामागची खोली. पुढे काउंटर, मागे मशीन. बाहेर पडायला एकच दार, आणि तेही काउंटरसमोरच्या बाकाला घासून जाणारं. त्या दिवशी त्या बाकावर एक आबा बसले होते. चार दिवसांचा ताप, उतरलेला चेहरा, आणि दोन्ही बाजूंना दोन मुलगे. डॉक्टरांना डेंग्यूची शंका होती, म्हणून त्यांनी रक्त तपासायला पाठवलं होतं.

रक्त मीच काढलं. तापाने आबांची शीर बारीक झाली होती. रक्त थेंबाथेंबाने आलं, नळी भरायला वेळ लागला.

मशीनने प्लेटलेट पेशींचा आकडा दाखवला, वीस हजारांच्या आत; निरोगी माणसात त्या दीड लाखाच्या वर असतात. पण आकड्यापुढे खूण होती, की पेशी एकत्र चिकटल्या असाव्यात. मी जांभळ्या झाकणाची नळी उघडून लाकडी काडी फिरवली. काडीला काळपट गुठळी चिकटून आली. रक्त हळू येत असताना गोठायला लागलं होतं. पेशी गुठळीत अडकल्या की मशीनला त्या दिसत नाहीत. तो आकडा खरा नव्हता. खरा किती असेल, तेही मला ठाऊक नव्हतं.

पॅथॉलॉजिस्ट मॅडम धुळ्याला होत्या. त्या फोनवर म्हणाल्या, "रिपोर्ट द्यायचा नाही, पुन्हा घे. आणि तो आकडा तोंडातून काढू नकोस."

मी काउंटरवर आले. "आबा, नमुना चालणार नाही. रक्त गोठलं, पुन्हा घ्यावं लागेल."

एवढंच म्हणाले मी. धाकटा मुलगा उठला, गावातल्या चुलत भावाला फोन लावला आणि मोठ्याने म्हणाला, "दादा, आबांचं रक्त गोठतंय! गाडी घेऊन ये, धुळ्याला न्यावं लागेल!"

"भाऊ, थांबा, तसं नाही," मी म्हणत होते, पण तो आता नरडाण्याच्या पाहुण्यांना फोन लावत होता. मेडिकलवर उभी असलेली माणसं आत डोकावू लागली. थोरला काउंटरवर दोन्ही हात टेकून उभा राहिला.

"मॅडम, पेशी किती?"

"आकडाच नाही, भाऊ."

"मशीनमध्ये काहीतरी आलं असेल ना?"

आलं होतं, मागे पडद्यावर तसंच होतं. सांगितलं तर हे लोक धावत सुटणार. नाही सांगितलं तर मी लपवतेय. "काही काळजी करू नका" म्हणावं, तर तेही मला कुठे माहीत होतं? पुढे माणसं, पाठीशी मशीन; श्वास घ्यायलाही जागा नव्हती.

तेव्हा आबा हळूच म्हणाले, "बेटा, मले सांग. बठ्ठं खरं सांग." बठ्ठं, म्हणजे सगळं.

मुलांना काय सांगावं याच्या गडबडीत मी ज्यांचं रक्त, त्यांच्याशी बोललेच नव्हते. मी नळी आणि ती काडी घेऊन काउंटरच्या बाहेर आले आणि त्यांच्यासमोर खाली बसले.

"आबा, तुमच्या अंगातलं रक्त गोठलेलं नाही. गोठलं ते या नळीत. हिच्यात न गोठण्याचं औषध असतं, पण शीर बारीक होती, रक्त हळू आलं, औषध मिसळायच्या आत गुठळी झाली. ही बघा." मी काडी दाखवली. "असं रक्त मोजलं तर आकडा खोटा येतो. खोटा आकडा मी देणार नाही. नवा काय येईल, ते आत्ताच मी सांगू शकत नाही. पण जो येईल तो खरा असेल, आणि लगेच डॉक्टरांना कळेल."

आबांनी काडी निरखून पाहिली. मग धाकट्याला म्हणाले, "तो फोन ठेव रे." आणि शर्टाची दुसरी बाही वर केली.

मी डॉक्टरांना फोन करून नमुना का बाद झाला ते कळवलं. आबांना पाणी पाजलं, हात खाली सोडून मूठ आवळायला लावली. या हाताची शीर बरी लागली. नळी खुणेपर्यंत भरली, मी ती हलकेच उलटसुलट केली. मशीन चालेपर्यंत थोरला काउंटरला टेकूनच होता. पेशी कमी होत्या, पण पहिल्या आकड्यापेक्षा कितीतरी जास्त. काचेवर रक्त पसरून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं, आकडा जुळला. मॅडमनी फोटो पाहून होकार दिला. डॉक्टरांनी आबांना घरीच ठेवलं, रोज तपासायला सांगितलं. आठवड्याभरात ताप गेला, पेशी वर आल्या.

पण त्या दिवशी ते निघून गेल्यावर लॅबचा फोन वाजू लागला. नरडाण्याचे पाहुणे, मग गावातले कोणीतरी, मग कुणाची तरी सासू. सगळ्यांचा एकच प्रश्न, "रक्त गोठलं म्हणे, खरं का?" परक्या माणसाला मी काय सांगणार? "घरच्यांना विचारा," एवढंच म्हणत मी फोन ठेवत होते. दर वेळी पलीकडून "म्हणजे खरंच आहे तर!" असं ऐकू यायचं, आणि मला कळायचं, की माझ्या या उत्तराने त्यांची भीती वाढलीच आहे.