आक्काचा होकार

हितेंद्र पाटील धुळ्यातल्या एका महाविद्यालयात तासिका तत्त्वावर मराठी शिकवतात. वय एकेचाळीस. पीएच.डी. झाली तरच कायम जागेसाठी अर्ज करता येतो, आणि प्रबंधाला मिळालेली शेवटची मुदतवाढ एकतीस मार्चला संपते. प्रबंध खानदेशी बोलीवर आहे. त्यातल्या तिसऱ्या प्रकरणावर त्यांची सगळी भिस्त होती.

त्या प्रकरणाचा विषय स्वरमेळ. काही भाषांत प्रत्ययातला स्वर मूळ शब्दातल्या स्वराशी जुळवून घेतो. तुर्कीत घर म्हणजे 'एव', घरात 'एवदे'. शाळा 'ओकुल', पण शाळेत 'ओकुलदा'. इ, ए हे स्वर उच्चारताना जीभ पुढे येते. आ, ओ, उ उच्चारताना मागे जाते. शब्दात जीभ जिकडे, प्रत्ययातही तिकडेच. हंगेरियनमध्येही तसेच: बाग 'केर्त', बागेत 'केर्तबेन'; घर 'हाज', घरात 'हाजबान'. तेलुगूत मांजर 'पिल्लि', मांजराला 'पिल्लिकि'. गाय 'आवु', गाईला 'आवुकु'. या तिन्ही भाषांची कुळे वेगवेगळी. मराठीत असे काही नाही. घरात, शेतात, नदीत: 'त' जागचा हलत नाही.

तीन वर्षांपूर्वी हितेंद्र बोलीचे नमुने गोळा करायला दोंडाईच्याजवळच्या एका गावात गेले होते. तिथे धुरपदाबाई नावाच्या आजी ओट्यावर बसून बोलत होत्या. बोलता बोलता 'शेतमे' म्हणाल्या, मग 'नदीमे', आणि थोड्या वेळाने 'घरमा'. हितेंद्र यांनी वहीत तिन्ही शब्द लिहिले आणि खाली दोन रेघा मारल्या. मराठीतल्या 'त'च्या जागी ए, ई नंतर 'मे'. अ, आ नंतर 'मा'. खानदेशीत स्वरमेळ आहे, असे कोणीच लिहिलेले नव्हते.

पुढच्या खेपेला ते ऐंशी शब्दांची यादी घेऊन गेले. आणखी दोन खेपा झाल्या. यादी जशीच्या तशी जुळली आणि प्रकरण लिहून झाले.

जानेवारीत त्यांच्या मार्गदर्शक भिरूडबाईंनी जळगावला बोलावून घेतले.

"पाटील, ऐंशीपैकी ऐंशी? अहो, माझ्या विद्यार्थ्यांना स्वतःच्या नावाचं लेखनसुद्धा इतकं एकसारखं जमत नाही. ध्वनिफिती आणल्यात?"

आणल्या होत्या. बाईंनी पहिली लावली. आधी हितेंद्र यांचा आवाज: "आक्का, शेतमे म्हणता ना?" मग धुरपदाबाईंचा: "हां, शेतमे." पुन्हा हितेंद्र: "आणि गावमा?" "हां, गावमा." बाईंनी आणखी पाच-सहा शब्द ऐकले आणि यंत्र बंद केले.

"उत्तर तुम्हीच देताय. ती फक्त हो म्हणतेय."

हितेंद्र यांनी वेळ वाचावा म्हणून तसे विचारले होते.

बाईंनी उपाय सांगितला: चित्रे दाखवायची, शब्द आपण उच्चारायचा नाही. हितेंद्र यांनी चित्रे कापून पुठ्ठ्यावर चिकटवली आणि रविवारी सकाळी धुरपदाबाईंचे गाव गाठले.

धुरपदाबाईंनी आधी चहा ठेवला. मग चित्रे बघत उत्तरे दिली. विहिरीत बादली: "हिरमा." शेतात बैल: "शेतमा." घरात मांजर: "घरमे." पुन्हा शेत दाखवले. "शेतमे." उत्तरांत कसलाच नियम नव्हता.

"आक्का, शेतमा का शेतमे?"

"मी दोन्हीबी म्हनस."

"मग मे कुठून आलं?"

"इंदूरले व्हतू ना मी, बारा वरीस. पोरगीना घर. तठे बठ्ठा हिंदी बोलतस." त्या हसल्या. "मनी बहीन आजूनबी चिडावस माले, इंदूरवाली म्हनीसन."

हितेंद्र यांनी हातातली चित्रे खाली ठेवली.

"मग मागं मी विचारलं तेव्हा प्रत्येक वेळी हो का म्हणालात?"

धुरपदाबाईंना प्रश्नच कळला नाही. त्यांनी कप हितेंद्र यांच्याकडे सरकवला.

"मास्तर, तू इतला लांबथीन उना. तुले नही कसं म्हनू?"

त्या खोटे बोलल्या नव्हत्या, आणि त्यांना चूक दाखवायची तर दारी आलेल्या पाहुण्याला नाही म्हणायला शिकवावे लागले असते. गावात आणखी काही जणांना चित्रे दाखवून पाहिली; ते सगळे सरळ 'मा'च म्हणत होते.

सोमवारी हितेंद्र यांनी भिरूडबाईंना फोन केला. प्रकरण काढा, एवढेच त्या म्हणाल्या. काढल्यावर बाकीच्या प्रकरणांत उरणार होती नुसती बोलीतल्या शब्दांची यादी. तिच्यावर पदवी मिळेल, असे काही त्या म्हणाल्या नाहीत. मुदत आणखी वाढवून मिळते का, हे हितेंद्र यांनी विचारले. मिळत नव्हती. मग ते अकराच्या तासाला गेले.

मार्चच्या पहिल्या आठवड्यात धुरपदाबाईंचा फोन आला. नातवाने लावून दिला होता.

"मास्तर, पास व्हयना का तू?"

"अजून नाही, आक्का."

"मनं काही चुकनं का?"

"नाही. तुमचं काहीच चुकलं नाही."

"मग आजून ये. काय पाहिजे ते सांगसू."