साडेनऊ न्यूटन-मीटर

आमच्या घरात छापील अक्षर यायचं ते मेंढरांच्या औषधाच्या बाटलीवरून. मंगळवेढ्याच्या पुढं माळावर आमचं खोपट. घरात वाचता येणारं कुणी नव्हतं. बाटली आली की बा ती पटक्याच्या शेवात बांधून शाळेपर्यंत चालत यायचा आणि पडवीत उभा राहायचा.

"मास्तर, किती पाजायचं तेवढं वाचून दावा की."

मास्तर म्हणायचे, तास संपू दे. तास संपला की ते मागच्या दारानं घरी जायचे. मी तिसरीच्या वर्गातून खिडकीतून बाला बघत असायची. बाटलीवरचं इंग्रजी मलाही येत नव्हतं. एका वर्षी कंटाळून बानं अंदाजानं पाजलं. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत अकरा मेंढरं माळावर आडवी झाली. आई रडली नाही, तिनं फक्त बाटली लांब भिरकावली. बा मला एवढंच म्हणाला, "तू शीक. कुनाच्या पडवीत उबं ऱ्हायची पाळी आनू नगं."

मी शिकले. आमच्या वस्तीतली पहिली पदवीधर मी. पुण्याच्या कॉलेजात फ्रेंच घेतलं, कारण त्या वर्गात सगळेच पहिल्या धड्यापासून सुरू करणार होते. तरी माझ्या उच्चारांना हसणारे भेटलेच. मी त्यांच्याकडं लक्ष दिलं नाही, शब्दकोशाकडं दिलं.

नोकरी सोलापुरात लागली, एमआयडीसीतल्या टॉवेलच्या कारखान्यात. फ्रान्सच्या गिऱ्हाइकांची पत्रं वाचायची, उत्तरं लिहायची. मग मालकांनी तिकडच्या एका बंद पडलेल्या गिरणीतून जुने माग आणले. सोबत जोडणीची आणि देखभालीची विनिर्देश-पुस्तिका, सगळी फ्रेंचमध्ये. माग जोडणार ते फिटर मराठी वाचणारे. मी म्हटलं, मी मराठीत करून देते.

उत्पादन व्यवस्थापक हसले. इंजिनिअर माणूस, इंग्रजी शाळेतला. "मॅडम, हे कविताबिविता नाही. टेक्निकल आहे." त्यांनी पानांचे फोटो काढून मोबाइलवरून इंग्रजी करून घेतलं, त्यावरून मराठी, आणि माझ्या टेबलावर टाकलं. "नुसतं शुद्धलेखन बघा."

मी शुद्धलेखन बघितलं नाही, मूळ पुस्तिका शेजारी ठेवली. फ्रेंचमधले काही शब्द दिसायला इंग्रजीसारखे आणि अर्थानं वेगळे. contrôler म्हणजे तपासणं. मोबाइलनं लिहिलं होतं, 'हवेचा दाब रोज नियंत्रित करा'. म्हणजे फिटरनं रोज जाऊन व्हॉल्व्ह फिरवायचा, जिथं नुसता काटा बघायचा होता. éventuellement म्हणजे गरज पडल्यास. तिथं लिहिलं होतं, 'शेवटी सील बदला', म्हणजे धड असलेली सीलंही काढून टाकायची. couple म्हणजे बोल्ट पिळण्याचा जोर, टॉर्क. त्याची 'जोडी' झाली होती. दोन भागांमधल्या फटीला jeu म्हणतात. त्याचा 'खेळ' झाला होता.

आणि आकडे. फ्रेंच माणूस दशांशाला टिंब देत नाही, स्वल्पविराम देतो. हजाराला स्वल्पविराम देत नाही, जागा सोडतो. त्यांचं 1,250 म्हणजे आपलं सव्वा, आणि 1 250 म्हणजे साडेबाराशे. मोबाइलच्या मजकुरात एका पानावर हे होतं, दुसऱ्यावर ते. मी हे व्यवस्थापक साहेबांना दाखवलं. ते म्हणाले, "एवढं कोण बघतंय? फिटरला अनुभव असतो."

मी तीन आठवडे खपून सगळी पुस्तिका नव्यानं मराठीत केली. प्रत्येक स्वल्पविरामाचं टिंब केलं, आकडे देवनागरीत घातले, दोनदा ताडून पाहिले. सहा मिलिमीटरच्या बोल्टचा टॉर्क मूळ पुस्तिकेत 9,5 होता, मी ९.५ न्यूटन-मीटर लिहिला. साहेबांनी न वाचता सही केली. मला वाटलं, जिंकले.

खाली मागांच्या खात्यात ती पुस्तिका गेली नाही, तिच्या झेरॉक्सची झेरॉक्स गेली. तेलाच्या हातांनी हाताळलेली. त्यातलं माझं टिंब कुठल्या झेरॉक्समध्ये उडालं, देव जाणे. खाली वाचलं गेलं पंच्याण्णव.

मुख्य फिटर साठीला आलेले, घरात तेलुगू बोलणारे, विणकराच्या घराण्यातले. त्यांनी साहेबांना सांगितलं होतं, "सायेब, सहाचा बोल्ट हाय. पंच्यान्नवला मान मुरगळंल त्याची." साहेब म्हणाले, कागदाप्रमाणे करा, उद्या वॉरंटीचा प्रश्न नको. जुन्या मागांना कसली वॉरंटी? छोटा टॉर्क पाना पंचविसाच्या वर जात नव्हता, म्हणून मोठा आणवला. तो पंचविसापर्यंतही पोचला नसेल, बोल्ट तुटला. पाना सटकला आणि त्यांची दोन बोटं मागाच्या चौकटीवर फुटली.

दुपारी साहेबांनी मला खात्यात बोलावलं, सगळ्यांसमोर. "मी म्हटलं नव्हतं, हे यांचं काम नाही? पुण्याच्या एजन्सीकडून करून घेऊ. मॅडम परत पत्रं बघतील."

मी माझी मूळ प्रत आणली. टिंब दाखवलं. कुणी बघितलं नाही. मला तिथं उभं राहून बाची पडवी आठवली. फरक एवढाच की आता बाटलीवरचं मला वाचता येत होतं, आणि तरीही मी उभीच होते.

फिटर पट्टी बांधलेल्या हातानं पुढं आले. माझी प्रत घेतली, डोळ्यांजवळ धरली.

"ताई, टिंब हाय की हितं. पन कुनासाटी घातलं? माशी बसली तरी ह्याच्याहून मोठं दिसतं. आमी नऊ पॉइंट पाच म्हनतो व्हय? आमी साडेनऊ म्हनतो. लिवा की साडेनऊ."

मला राग आला. तीन आठवडे आकडे ताडले, आणि हे मला शिकवणार. मग लक्षात आलं, पुस्तिका मी साहेबांसाठी लिहिली होती. त्यांना दाखवायला, की बघा, मला येतं. ज्यांनी ती हातात धरायची त्यांना एकदाही विचारलं नव्हतं. मास्तर वाचून दाखवत नव्हते. मी वाचून दाखवलं, पण तोंड दुसरीकडं करून.

मी साहेबांकडं आठ दिवस मागितले. ते म्हणाले, "एजन्सीचं येईपर्यंत करा काय करायचं ते."

आठ दिवस मी फिटरांच्या बाकड्यावर बसले. प्रत्येक मापापुढं आकडा आणि अक्षर दोन्ही घातलं. २.५, अडीच. १.७५, पावणेदोन. ०.७५, पाऊण. जिथं असा शब्द नाही तिथं मुख्य फिटर सांगायचे. ०.३५ मिलिमीटरच्या फटीला, जी पातळ पोलादी पट्ट्या सारून मोजतात, ते म्हणाले, "फीलर गेजची पस्तीसची पट्टी लिवा, आंधळ्यालाबी गावंल." एकानं मला टोमणा मारला, "ताई, फ्रेंचमदी साडेसाती कशी लिवत्यात?" मी म्हटलं, "ती लिवावी लागत नाही, साहेबांची सही घेऊन येते." मुख्य फिटर पहिल्यांदा हसले. नंतर प्रत्येक पान त्यांनी मोठ्यानं वाचलं आणि मी फ्रेंचशी ताडलं.

एजन्सीचं भाषांतर आलं. त्यात सहाच्या बोल्टपुढं ९,५ तसंच होतं, स्वल्पविरामासकट, आणि हवेचा दाब 'नियंत्रित' करायचा होता. फिटर म्हणाले, त्या कागदावर मी पाना लावणार नाही. सुजलेली बोटं त्यांनी टेबलावर ठेवली. साहेबांनी माझी प्रत उचलली.

आता ती खात्यात लॅमिनेट करून लावली आहे. वर साहेबांचं नाव आहे, संकलक म्हणून. माझं नाव नाही, फिटरांचंही नाही. त्यांची दोन बोटं अजून पूर्ण मिटत नाहीत. त्याची नोंद कुठंच नाही. बाला मी हे सांगितलं तेव्हा त्यानं विचारलं, "पन त्यास्नी वाचाय येतंय न्हवं?"

येतं. सगळे माग जोडून झाले आणि चालू आहेत. त्यानंतर एकही बोल्ट तुटलेला नाही.