कोणत्या वाटेनं आलेलं गिऱ्हाईक

वेबिनार हा शब्द आमच्या ऑफिसात पहिल्यांदा मीच आणला, आणि त्यामुळे त्याची जबाबदारीही माझ्याच गळ्यात पडली. दोन हजार आठ-नऊच्या सुमाराची गोष्ट. नाशिकला सातपूरच्या एका इमारतीत दुसऱ्या मजल्यावर आमची छोटी सॉफ्टवेअर कंपनी होती. खतं-औषधं विकणाऱ्या कृषी केंद्रांसाठी आम्ही बिलिंगचा प्रोग्रॅम बनवायचो. कोणत्या औषधाची कोणती बॅच कधी एक्सपायर होते, व्हॅटचा हिशोब कसा लागतो, हे सगळं त्यात असायचं. नवी आवृत्ती यायची होती. गावोगाव जाऊन दाखवण्यापेक्षा सगळ्यांना एकदाच इंटरनेटवर दाखवू, असं मी मालकांना सुचवलं. त्यांना आम्ही सर म्हणायचो. सरांना नवीन काहीही आवडायचं.

दुकानदारांना तीन वाटांनी बोलावलं. एक, विकत घेतलेल्या ईमेल पत्त्यांवर निमंत्रण. दुसरी, पेपरच्या जिल्हा पुरवणीत जाहिरात. तिसरी वाट म्हणजे काका. काका आमचे फिरते विक्री प्रतिनिधी. पूर्वी शेतीच्या औषधांच्या कंपनीत होते, मोटारसायकलवर येवला, नांदगाव, सटाणा पालथं घालायचे. तीन वाटांसाठी नोंदणीच्या तीन वेगळ्या लिंक केल्या होत्या. काकांनी लिहून आणलेली नावं आम्हीच त्यांच्या लिंकवर भरायचो; फोनवरून कोणी नाव दिलं तर कुठून कळलं ते विचारून त्या त्या वाटेखाली टाकायचो. दोनदा नाव आलं तर पहिली नोंद धरायची, हा नियम मी आधीच ठरवून ठेवला होता.

कार्यक्रम मंगळवारी दुपारी चारला झाला. एकदाचा पार पडला. दुसऱ्या दिवशी सर माझ्या टेबलापाशी खुर्ची ओढून बसले.

"आकडे?"

ईमेलवाल्या एकशेचाळीस नोंदींपैकी अठ्ठावन्न जण आले होते. जाहिरातीतून एक्केचाळीस नोंदी, पंधरा हजर. काकांच्या एकतीस नोंदींतून फक्त चार.

"हे बघ," सर म्हणाले, "पेट्रोल जाळून चार माणसं. आता ईमेलवरच जोर द्यायचा. काकांना ऑफिसातच बसवू, फोन घेतील."

"सर, अजून विक्री व्हायची आहे. कोणी विकत घेतलं ते कळल्यावर बघूया ना."

"विक्री हजेरीतूनच होणार ना? महिनाअखेरीच्या मीटिंगला पक्का रिपोर्ट दे."

आकडे तर माझ्याच बाजूचे होते. वेबिनार माझा, ईमेलची कल्पना माझी. तरी मला त्या दिवशी कामात लक्ष लागेना. दोनदा उठून खिडकीपाशी गेले. चहा घेतला, तो गार झाला. काकांनी नावं लिहून आणली होती ती गंमत म्हणून नाही, हे मला माहीत होतं. ज्या दुकानदारानं बसवून चहा पाजला नाही, त्याचं नाव ते कधी लिहायचे नाहीत. मग एकतीसातले सत्तावीस गेले कुठे?

शेवटी फोन उचलला आणि काकांच्या यादीतल्या गैरहजर दुकानदारांना एकेक करून लावायला सुरुवात केली. पहिला नांदगावचा होता.

"मॅडम, लाईटच नव्हती," तो म्हणाला. "आमच्याकडं या आठवड्यात दुपारी लोडशेडिंग हाय. इन्व्हर्टरवर पंखा चालतो, कॉम्प्युटर नाय. मी आन शेजारचे दोघं लय वेळ बसलो तसेच."

पुढच्या तिघांनीही तेच सांगितलं. शहरातल्या आणि पुण्या-मुंबईच्या ईमेलवाल्यांना हा प्रश्नच आला नव्हता. तालुक्यांचं भारनियमनाचं वेळापत्रक पेपरात छापून येतं. मी ते रोज बघत होते, पण आमच्या ऑफिसपुरतं. चार वाजता काकांच्या जवळजवळ सगळ्या गावांत वीज नव्हती.

काका संध्याकाळी आले तेव्हा मी विचारलं, "तुम्हाला माहीत होतं?"

"लाईट नव्हती ते? होय."

"मग सरांना का नाही सांगितलं?"

हेल्मेट टेबलावर ठेवत ते म्हणाले, "आकडा पडल्यावर कारण सांगणाऱ्या माणसाचं कोण ऐकतं?"

दुसऱ्या दिवशी मी सरांकडे गेले. कार्यक्रमाचं रेकॉर्डिंग होतं. त्याच्या सीड्या काढून न आलेल्या सगळ्यांना पाठवू, तिन्ही वाटांच्या, आणि हिशोब दीड महिन्यानं करू, असं मी म्हणाले. हंगाम तोंडावर होता, दुकानदार एका दिवसात ठरवत नाहीत. सरांनी कपाळाला आठ्या घातल्या, पण सीड्यांना हो म्हणाले. "तोवर काकांचा दौरा बंद नाही," एवढंही त्यांच्याकडून वदवून घेतलं. ईमेलवाल्यांना सीड्या कुरियरनं गेल्या. काकांच्या गावांतल्या काही एसटीच्या पार्सलनं, काही ते स्वतःच घेऊन गेले.

तो दीड महिना मला फार लांब गेला. बिल फाटलं की मी हिशोबाच्या बाईंकडे धावायचे. त्या वैतागल्या होत्या. ईमेलवाल्यांना फोन केले तर कोणी विद्यार्थी निघायचा, कोणी दुसऱ्या सॉफ्टवेअर कंपनीतला, कोणी "फुकट आहे का?" विचारायचा. तिकडून दोन बिलं झाली. जाहिरातीची चार. काकांच्या एकतीसांपैकी अकरा जणांनी प्रोग्रॅम घेतला. त्यातला वेबिनारला प्रत्यक्ष हजर होता एकच.

रिपोर्ट लिहायला बसले तेव्हा पेच माझ्या ध्यानात आला. नोंदणी, हजेरी, विक्री असे तीनच रकाने ठेवले तर काका बचावतात, आणि नोंदणी वेबिनारची म्हणून विक्रीही वेबिनारच्याच नावावर लागते. पण ते खरं नव्हतं. मी चौथा रकाना घातला: प्रत्यक्ष पाहिलं, सीडीवर पाहिलं, की दोन्ही नाही. काकांच्या अकरांत आठांनी सीडी पाहिली होती, दोघांनी काहीच नाही.

सरांनी तो कागद बराच वेळ वाचला. मग चष्मा काढून विचारलं, "म्हणजे ही विक्री तुझ्या वेबिनारची, की काकांच्या मोटारसायकलची?"

"बहुतेक मोटारसायकलची, सर."

"आणि पुढच्या वेळी?"

"वेबिनार करायचाच असेल तर गावागावांची लाईट बघून वेळ ठरवू. पण आधी काका."

सरांनी कागद फाईलला लावला. त्या वर्षी पुढचा वेबिनार झाला नाही. विकतचे पत्ते बंद झाले, काकांचा पेट्रोलभत्ता तसाच राहिला, आणि मला मीटिंगमध्ये पूर्वीइतकं विचारलं जाईना. मला त्याचं वाईट वाटलं, खोटं का बोलू.

काका आभार मानतील असं वाटलं होतं. त्याऐवजी ते रिपोर्टची प्रत घेऊन माझ्या टेबलाशी आले आणि जाहिरातीखालच्या एका दुकानावर बोट ठेवलं.

"हे येवल्याचं माझं आहे. दहा वर्षं जातो मी त्याच्याकडं."

"काका, त्यानं आधी जाहिरात वाचून फोन केला होता. पहिली नोंद धरायची ठरलंय."

"फोन केला असेल. घेतलं कुणामुळं?"

मी त्या दुकानदाराला त्यांच्यासमोरच फोन लावला. तो म्हणाला, "पेपरात वाचलं खरं. पण हे आले म्हणून घेतलं."

"बघा," काका म्हणाले.

नियम एकासाठी बदलला तर उरलेल्या सगळ्यांचा पुन्हा विचार करावा लागेल, असं मी त्यांना परोपरीनं सांगितलं. त्यांना ते पटलं नाही. ते दुकान मी जाहिरातीखालीच ठेवलं, खाली बारीक अक्षरांत 'खरेदी काकांमुळे' अशी टीप लिहिली, आणि काका दोन दिवस माझ्याशी कामापुरतंच बोलले.