बत्त्याची गोष्ट

मी सातवीतून शाळा सोडली आणि लग्न होऊन साताऱ्याकडून थेट धुळ्याला आले. इथली बोली येत नव्हती, तरी सासरचे मला कधी टाकून बोलले नाहीत. ते उपकार मी विसरलेले नाही. तरीही एका बाबतीत माझ्या पोटात जळायचे: मोठ्या जाऊबाईंच्या बोलण्यात. उन्हाळ्यात गल्लीतल्या बायका उडदाचे पापड लाटायला जमत. जाऊबाई तोंड उघडत तेव्हा लाटणी थांबत. मी उघडले की कुणाला तरी पाणी प्यायला उठायचे असे.

माझ्याकडेही एक गोष्ट होती. नवी असताना सासूबाई गच्चीवरच्या पापडांकडे बोट करून म्हणाल्या होत्या, "बठ्ठा लई ये." बठ्ठा म्हणजे सगळे, लई ये म्हणजे घेऊन ये. मला वाटले, खलबत्त्यातला बत्ता. मी तो घेऊन आले.

मी ती बायकांना सांगितली तेव्हा साताऱ्याहून आले त्या गाडीपासून सुरुवात केली. वार कोणता, कोण सोडायला आले, डबा कुणी दिला. बत्त्यापर्यंत पोचले तेव्हा सासूबाई पापड उलटायला गेल्या होत्या.

चार दिवसांनी शेजारी जाऊबाईंनी माझीच गोष्ट सांगितली. "आई म्हनन्यात, बठ्ठा लई ये. हाई बत्ता लई उनी." आणि गप्प. बायका हसून हसून पिठात हात टेकू लागल्या.

मला राहवले नाही. "बुधवार होता तो," मी म्हणाले, "आणि आधी मी विचारलं होतं, मोठा का लहान."

हसणे विझले. घरी येताना जाऊबाई म्हणाल्या, "तुनी गोठ मी चोरी नई. तू बत्ता लई येस तंवर लोके घर जातंस."

मला राग आला, कारण ते खरे होते.

पुढच्या खेपेला एका पाहुणीने विचारले, "सातारकडनी का? इथली बोली कळते?" सगळ्यांनी सवयीने जाऊबाईंकडे पाहिले. त्या लाटत राहिल्या. म्हणाल्या, "तिले इचार."

गाडी ओठांवर आली होती. गिळली. "सासूबाई गच्चीवर होत्या, म्हणाल्या, बठ्ठा लई ये," मी म्हटले. "मी बत्ता घेऊन गेले."

पुढे बरेच होते, माझे रडणे, कान लाल होणे. जीभ चावून मी थांबले. लाटणी चालूच राहिली आणि मला वाटले, बुडाले.

मग सासूबाईच म्हणाल्या, "मी इचारं, कोनले मारनं शे?"

पाहुणीचे लाटणे घरंगळत गेले. सगळ्या हसत होत्या. जाऊबाईही हसत होत्या, अगदी मनापासून. दुसरीच्या गोष्टीवर असे हसणे त्यांना इतके सोपे कसे जाते, म्हणून माझे पोट पुन्हा जळले.